म्ताकूजा म्हणजे कोण येणार

मुलाने टांझानियात लग्न केलं आणि मला बासष्टाव्या वर्षी पुन्हा वही-पेन घेऊन अभ्यासाला बसावं लागलं.

मुलगा राइस मिलच्या मशिनी बसवतो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या आसपास मिली पुष्कळ, त्यामुळे हे काम शिकलेली पोरंही पुष्कळ. म्बेया नावाच्या शहराजवळ एक मिल उभी करायची म्हणून तो सहा महिन्यांसाठी गेला आणि तिथेच रमला. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सशी त्याने रजिस्टर लग्न केलं. बातमी फोनवर आली. माझे यजमान चार दिवस नेहमीपेक्षा जास्त वेळ शेतात राहिले. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "तिकडं धान होते का?" होतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी आणखी भात मागितला.

पुढच्या वर्षी सून पंधरा दिवस येऊन गेली. हसरी, उंच, कामाला चटपटीत. ती मला मामा म्हणायची, कारण स्वाहिलीत आईला मामा म्हणतात. शेजारच्या काकूंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. सुनेने सासूला मामा म्हणायचं तर सासऱ्याला काय मावशी म्हणायचं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

सून इंग्रजी छान बोलते. मीही तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे आमचं जुळलं. प्रश्न होता विहीणबाईंचा. त्यांना स्वाहिलीशिवाय दुसरं काही येत नाही. व्याही नाहीत; थोडी धानाची शेती आहे, ती त्या एकट्या पाहतात. सुनेने त्यांना माझा नंबर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मला गुलाबाच्या फुलाचं चित्र आणि खाली दोन ओळी येऊ लागल्या. मीही फूल पाठवायची. पण दोन बायका किती दिवस नुसती फुलं पाठवणार?

मोबाईलमध्ये भाषांतराची सोय आहे. यजमानांना ती फार आवडली. ते विहीणबाईंचा मेसेज त्यात टाकून मला मोठ्याने वाचून दाखवायचे. मला मात्र शिक्षिकेच्या जातीचा एक अहंकार आहे. मी मुलाला सांगितलं, मला व्याकरणाचं पुस्तक पाठव. त्याचा एक सोबती सुट्टीवर तुमसरला येत होता, त्याच्याबरोबर पुस्तक आलं. स्वाहिलीचं व्याकरण, समजावलेलं इंग्रजीत. मी शंभर पानी वही घेतली, डाव्या पानावर स्वाहिली वाक्य आणि उजव्या पानावर त्याचं इंग्रजी, अशी सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात मी त्या भाषेच्या प्रेमात पडले. आयुष्यभर मुलांना शिकवत आले की अनेकवचन करायचं तर शब्दाच्या शेवटाकडे पाहा. इंग्रजीत शेवटी एस लागतो, मराठीत मुलगाचे मुलगे होतात, वहीच्या वह्या होतात. इथे सगळं डोक्याकडून. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. म्ती म्हणजे झाड, मिती म्हणजे झाडं. किती म्हणजे खुर्ची, विती म्हणजे खुर्च्या. शब्दाचं धड तेच, बदलते ती फक्त टोपी. नामांचे असे गट आहेत आणि प्रत्येक गटाची टोपी वेगळी. बहुतेक माणसं एका गटात, झाडं आणि आणखी पुष्कळ काही दुसऱ्यात, खुर्चीसारख्या वस्तू तिसऱ्यात. आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे त्याहून कितीतरी जास्त, आणि पुरुष-बाई असा भेद त्यात नाहीच.

सगळ्यात गंमत किताबूची. हा आपलाच किताब, अरबीतून तिकडे गेलेला. पण स्वाहिली माणसांना त्यातला कि हा खुर्चीवाल्या गटाचा वाटला, म्हणून त्यांनी अनेकवचन करून टाकलं विताबू. मी हे यजमानांना सांगायला खळ्यात गेले. ते म्हणाले, "आपल्या किताबाची मान कापली म्हन ना."

आणि नामाची टोपी तिथेच थांबत नाही, वाक्यभर फिरते. किताबू किमोजा किमेआंगुका, एक पुस्तक पडलं. विताबू विविली विमेआंगुका, दोन पुस्तकं पडली. मला यात परकं काही वाटलं नाही. आपणही म्हणतोच, मोठा आंबा पडला, मोठी कैरी पडली, मोठं फळ पडलं. फक्त आपली खूण शेपटीला आणि त्यांची डोक्याला. माणसांच्या गटात क्रियापदाला एकासाठी अ लागतो, अनेकांसाठी वा. म्तोतो अमेफीका, मूल पोहोचलं. वातोतो वामेफीका, मुलं पोहोचली. हे मी घासून पाठ केलं.

माझी परीक्षा लवकरच झाली. मी विहीणबाईंना एक पार्सल पाठवलं होतं: साडी, लाखोळीची डाळ, मूगवड्या आणि तांदळाचे पापड. दोन आठवड्यांनी त्यांचा एका शब्दाचा मेसेज आला. उमेफीका. यजमानांनी तो मोबाईलला विचारला. मोबाईलने सांगितलं, तू पोहोचलीस.

"मी कुठं गेली?" मी म्हटलं.

पुस्तक उघडलं. उ हा 'तू'साठी लागतो, ते खरंच. निमेफीका मी पोहोचले, उमेफीका तू पोहोचलीस. पण झाडाच्या गटातल्या एकवचनी नामाच्या क्रियापदालाही उ हाच लागतो. आणि सामानाच्या गाठोड्याला म्हणतात म्झिगो, अनेकवचन मिझिगो, म्हणजे गट झाडाचा. म्झिगो उमेफीका. पार्सल पोहोचलं. विहीणबाईंनी कर्ता गाळला होता, कारण त्यांच्या मते आम्ही दोघी पार्सलबद्दलच बोलत होतो. मी उजव्या पानावर लिहिलं, 'इट हॅज अराइव्ह्ड', आणि यजमानांना सांगितलं की तुमच्या मोबाईलला संदर्भ कळत नाही, मला कळतो. तासाभराने साडीचा फोटोही आला. त्या दिवशी मी जरा जास्तच ऐटीत होते.

पुढचा प्रकार घडला तो या ऐटीमुळे.

नवरात्राच्या आसपास एका सकाळी फुलाखाली दोन छोटी वाक्यं आली. म्ताकूजा म्वेझी वा कुमी ना म्बिली. निमेफुराही साना. दुसरं वाक्य सोपं होतं: मला फार आनंद झाला. पहिल्यातला शेवटचा भागही सोपा होता: बाराव्या महिन्यात, म्हणजे डिसेंबरात. ताकूजा म्हणजे येणार. राहिला फक्त सुरुवातीचा म.

म मला कुठे भेटला होता? म्तू म्हणजे माणूस. म्तोतो म्हणजे मूल. म्गेनी म्हणजे पाहुणा. म्झाझी म्हणजे आई किंवा बाप. म म्हणजे एक माणूस. मी ठरवलं, म्ताकूजा म्हणजे माणूस येणार, ती व्यक्ती येणार. 'तो येईल'ला अताकूजा म्हणतात हे मला माहीत होतं, पण मी त्यावरही उत्तर काढलं. आपल्याकडे म्हातारी माणसं स्वतःबद्दल बोलताना म्हणतात ना, ही म्हातारी येईल बरं का दिवाळीला. तशातला हा प्रकार असेल. विहीणबाई नम्रपणे सांगत आहेत की त्या डिसेंबरात येणार आणि त्यांना आनंद झाला आहे. मी उजव्या पानावर लिहून टाकलं: 'द पर्सन विल कम इन डिसेंबर.' मग 'द पर्सन' खोडून 'मामा' लिहिलं, कारण व्यक्ती म्हणजे सुनेची आईच.

यजमानांनी मोबाईलला विचारलंच. "हा त सांगून राहिला का तुमी याल म्हनून."

मी म्हटलं, हा तोच मोबाईल आहे ना, ज्याने मला पार्सल केलं होतं? ते मोबाईल खिशात टाकून शेतात गेले.

तरी खात्री करायची म्हणून मी सुनेला इंग्रजीत लिहिलं: 'मामा विल कम इन डिसेंबर. वी आर व्हेरी हॅपी.' तिचं उत्तर लगेच आलं. ती लिहिते, हो मामा, आम्हीही खूप आनंदात आहोत, पण तुम्हाला कळलंय हे त्याला सांगू नका, त्याला स्वतः सांगायचं आहे. झालं. यापेक्षा पक्की खात्री कोणती? मुलगा सासूला घेऊन येणार आणि आम्हाला अचानक सांगणार. मुलाला विचारायची वाट मी स्वतःच बंद करून घेतली. विहीणबाईंना मी लिहिलं, करीबू साना, म्हणजे फार फार स्वागत आहे. त्यांनी हसरी तोंडं पाठवली आणि खाली आसांते, धन्यवाद.

आता घराकडे पाहणं आलं. मागची खोली वर्षानुवर्षं धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची. ते कट्टे यजमानांनी कुरकुरत पडवीत हलवले. खोलीला रंग दिला. विहीणबाईंचे गुडघे दुखतात असं सुनेने कधीतरी सांगितलं होतं, म्हणून उंच कमोड बसवून घेतला. प्लंबरने विचारलं, कोण येऊन राहिलं? मी सांगितलं, विहीणबाई, आफ्रिकेहून. दुपारपर्यंत चौकातल्या चहाच्या टपरीवर ती बातमी होती. मोहाडीला माझी नणंद राहते. तिला कळल्यावर तिने ठरवूनच टाकलं की पाहुण्यांना दोन दिवस मोहाडीला आणायचं, आठवडी बाजार दाखवायचा आणि वीसेक बायकांना जेवायला बोलवायचं. मला फोन करून ती विचारत होती की त्या तिखट खातात का.

मी मात्र स्वागताचं भाषण लिहीत होते. सहा वाक्यांचं, स्वाहिलीत. लिहिलेलं बरोबर असेल अशी मला खात्री होती, पण उच्चारांचं काय? आजवर मी त्या भाषेतलं एक वाक्यही कुणासमोर बोलले नव्हते. तेव्हा मला आठवण झाली चिखल्याच्या एका काकांची. ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील. मॅंगनीजच्या भूमिगत खाणीत पुष्कळ वर्षं ड्रिलिंग केलं आणि मग कंत्राटावर चार वर्षं टांझानियात सोन्याच्या खाणीत जाऊन आले. त्यांना स्वाहिली बोलता येतं असं ती नेहमी सांगायची. फोन लावला तर तिने सांगितलं, बाबांना फोनवर ऐकू येत नाही, ड्रिलने कान गेले, तुम्ही घरी या.

दिवाळी झाल्यावर मी वही पिशवीत टाकून निघाले. लाखनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर आणि तिथून चिखल्याची गाडी. पोहोचेपर्यंत दुपार झाली. खाण कामगारांच्या वसाहतीजवळच त्यांनी छोटं घर बांधलं आहे. काका अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होते. विद्यार्थिनीने चहा ठेवला आणि त्यांच्या कानाशी जाऊन मी कशाला आले ते ओरडून सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "अजी, ह्या गावात त्या बोलीतलं बोलाले कोनीच नाही. मी कधी कधी म्हशीसंग बोलतो."

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. भाषण वाचण्याआधी त्यांना प्रसंग कळावा म्हणून विहीणबाईंचं वाक्य आधी वाचून दाखवायचं ठरवलं. वही उघडली आणि शाळेत धडा वाचायचे तशा आवाजात म्हटलं, "म्ताकूजा म्वेझी वा कुमी ना म्बिली."

काका लसूण सोलता सोलता म्हणाले, "न्दियो, तुताकूजा."

न्दियो म्हणजे हो. तुताकूजा म्हणजे आम्ही येऊ. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी आणखी जवळ सरकले आणि पुन्हा वाचलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी मान हलवून, जणू मी त्यांना बोलावणंच करायला आले होते.

"काका, तुम्ही 'आम्ही येऊ' काहून म्हणता?"

"मंग काय म्हनाचं? मुकादम इचारे, केशो म्ताकूजा? उद्या याल का रे? आमी सारे म्हनो, तुताकूजा."

मी विचारलं, आणि एकालाच विचारायचं असलं तर? ते म्हणाले, मग तो उताकूजा म्हणे आणि आम्ही निताकूजा म्हणत असू. येईन. आणि तिसऱ्याच कुणाबद्दल असलं तर? अताकूजा. तो येईल. मी अडखळत विचारलं, मग म्ताकूजा कधी?

काकांनी लसणाची पाकळी टोपल्यात टाकली. "समोर दोघं-चौघं उभे असले का मंग. 'तुमी सारे' म्हनाले. मॅडम, व्याकरन-गिकरन मले काही समजत नाही. पन ह्याच्यात मी एकदा फसलो हावो."

मग त्यांनी ते सांगितलं. खाणीवर नवे असताना एका शनिवारी मुकादमाने सगळ्या टोळीला विचारलं, केशो म्ताकूजा? बाकीचे खाली पाहत उभे. काकांना चारच शब्द येत होते, ते दाखवायची हौस, म्हणून त्यांनी पुढे होऊन ठणकावून सांगितलं, निताकूजा. मी येईन. मुकादमाने मान हलवली. सगळ्या टोळीची रविवारची सुट्टी झाली आणि काका एकटे कामावर. "एका 'नि'साठी रविवार गेला," असं म्हणून ते इतके हसले की लसणाची सालं अंगणभर उडाली.

मीही हसले. मी पुस्तक पिशवीतून काढलं. प्रथम, द्वितीय, तृतीय पुरुषांचा तक्ता होता, चांगला चौकटीत छापलेला. नि मी, उ तू, अ तो किंवा ती, तु आम्ही, म तुम्ही, वा ते. नामाला म लागला तर एक माणूस. तोच म क्रियापदाला कर्ता म्हणून लागला तर तुम्ही, एकाहून जास्त जण. तो तक्ता मी कधीतरी पाहिलाही असेल, पण वाचला नव्हता. आय, यू, ही. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, ते कुणी मला काय शिकवणार, म्हणून पान उलटलं होतं. आणि विहीणबाईंच्या मेसेजमध्येही तो म आजवर आला नव्हता. आम्ही दोघीच बोलत होतो. त्या मला तू म्हणत होत्या, मी त्यांना तू म्हणत होते. 'तुम्ही' म्हणायला समोर दोघं लागतात, आणि त्या संभाषणात मी यजमानांना कधी धरलंच नव्हतं. विहीणबाईंनी मात्र धरलं होतं.

तुम्ही दोघं डिसेंबरात येणार. मला फार आनंद झाला.

सगळा उलगडा त्या खुर्चीवरच होत गेला. मुलाने आम्हा दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं होतं आणि सासूला आधी सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षी त्याने आमचे पासपोर्ट कशासाठी काढायला लावले, तेही कळलं. मी सुनेला इंग्रजीत लिहिलं, 'मामा विल कम', ती मला मामा म्हणते, म्हणून ती समजली की मी माझ्याबद्दलच सांगते आहे. आणि मी विहीणबाईंना काय उत्तर दिलं? त्या म्हणाल्या, तुम्ही याल. मी म्हटलं, स्वागत आहे. बिचारीने आसांते लिहून वेळ मारून नेली.

मी उजव्या पानावरचं 'मामा' खोडलं आणि 'यू' लिहिलं. लिहिल्यावर आठवलं, पार्सलच्या दिवशी मोबाईलने मला 'तू' म्हटलं होतं, त्याचंही इंग्रजी 'यू'च. तिथला उ एकटीचा, इथला म दोघांचा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. पूर्वी मी मुलांना सांगायची, यू म्हणजे तू, तुम्ही, आपण, काहीही, इंग्रजी सोपी भाषा आहे. त्या दिवशी मला ती थोडी कंजूष वाटली. मी 'यू'च्या पुढे 'बोथ' जोडलं.

काकांना मी भाषण वाचून दाखवलंच नाही. त्यांच्या मुलीने चहा दिला. निघताना काकांनी विचारलं, ईन, म्हणजे विहीण, केव्हा येऊन राहिली? मी सांगितलं, ती नाही येत, आम्ही जाऊन राहिलो. "असं का?" ते म्हणाले. "मंग तिथं गेल्यावर उगाली खाजा. मक्याच्या पिठाचा गोळा राहते. हातानं."

घरी आले तेव्हा यजमान पडवीत कट्ट्यांवर बसून विळ्याला धार लावत होते. मी एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं होतं, मोबाईलबद्दल काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. विळा घासता घासता म्हणाले, "डिसेंबरात धान चुराचं राहते. मळनी थोडी आंधी करून घिऊ." मग उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते दोन्ही पासपोर्ट घेऊन बाहेर आले आणि उजेडात धरून स्वतःचा फोटो पाहत बसले.

नणंदेला सांगणं सगळ्यात कठीण. तिने वीस बायकांना तारीख दिली होती. मी म्हटलं, माझी एका अक्षराची चूक झाली. ती म्हणाली, एका अक्षराने खोलीला रंग कसा लागतो? मग तिनेच तोडगा काढला. जेवण ठरलं आहे तसंच होईल, पाहुण्यांच्या जागी आम्हा दोघांना बसवायचं. तसं ते झालंही. आम्ही विमानात बसणार म्हणून मोहाडीच्या वीस बायकांनी मला ओवाळलं आणि यजमान वीस बायकांत एकटे, खाली मान घालून पुरणपोळी खात बसले.

विहीणबाईंना मी एकच शब्द लिहिला. तुताकूजा. त्यावर फूल नाही, चित्र नाही, त्यांचा आवाज आला. त्या भराभर काहीतरी बोलत होत्या, मधेच हसत होत्या आणि मागे कोंबडी ओरडत होती. मला त्यातलं निम्मं कळलं. राहिलेलं निम्मं मोबाईलला विचारायला मी यजमानांना सांगितलं.

मुलाचा फोन आठवड्याने आला. त्याने खूप लांबून सुरुवात केली, हवा कशी आहे, धान कापून झालं का, मग म्हणाला, तुम्हाला एक सांगायचं आहे. आम्ही दोघांनीही चांगलं आश्चर्य दाखवलं. यजमानांनी तर माझ्यापेक्षा जास्त.

आणि आम्ही गेलो. तीन आठवडे राहिलो. यजमानांना तिथे एक गोष्ट फार भावली: इकडे आम्ही धान चुरून कोठीत भरून निघालो होतो आणि तिकडे विहीणबाईंच्या वावरात नुकतेच रोपांचे पऱ्हे टाकलेले. वर्षातून दोनदा हिरवा पऱ्हा पाहायला मिळाला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते आणि विहीणबाई रोज सकाळी बांधावर जायचे. एक आमच्या झाडीबोलीत बोलायचे, दुसऱ्या स्वाहिलीत, आणि पाणी कुठून सोडायचं यावर त्यांचा वादसुद्धा व्हायचा.

एका दुपारी विहीणबाई आणि मी अंगणात सूप घेऊन बसलो होतो. त्यांनी वावराकडे बोट दाखवून म्हटलं, म्पुंगा. मग सुपातल्या दाण्यांवर हात ठेवून, म्चेले. मग आत चुलीवरच्या पातेल्याकडे मान वळवून, वाली. मी म्हटलं, धान, तांदूळ, भात. त्यांनी तिन्ही शब्द माझ्यामागून म्हटले, मी त्यांचे तिन्ही म्हटले. सवयीने मी वही उघडून उजव्या पानावर इंग्रजी लिहायला गेले, 'राइस', आणि खाली पुन्हा 'राइस', आणि त्याखाली पुन्हा तेच. विहीणबाईंनी वाकून पाहिलं. तीन ओळींत एकच शब्द दिसल्यावर त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं, अर्धे तांदूळ माझ्या पुढ्यात ओतले आणि खडे वेचायला सांगितलं.